‘फास्टिंग नॉर्मल आहे’ : मिलिंदरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

*“ताई, तुमचा स्टिरॉइडवरचा लेख आईने वाचला आणि चार दिवस गोळीच घेतली नाही. पाचव्या दिवशी चक्कर येऊन न्हाणीतच बसली. आता गोळी पुन्हा सुरू केली आहे. तिला आमवात आहे, आठ महिने रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे. फास्टिंग शुगर दर महिन्याला नव्वदीत येते, हाडांची तपासणी बॉर्डरलाइन आहे, कॅल्शियम घेते. तिला काहीही झालेलं नाही. मग लोकांना घाबरवून काय मिळतं?” – मिलिंद, ग्वाल्हेर*

मिलिंदराव,

तुमची प्रतिक्रिया वाचून मी माझाच लेख पहिल्यापासून पुन्हा वाचला. चूक माझी आहे. गोळी अचानक थांबवायची नाही, हे वाक्य मी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाकलं होतं. घाबरलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. आता ते सगळ्यात वर आणलं आहे. आईंना माझ्यातर्फे माफी सांगा.

त्यांना चक्कर का आली, ते आधी सांगते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. ढोबळमानाने ते ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून त्याहून जास्त महिनोन्महिने मिळत राहिलं की मेंदूकडून या ग्रंथींना सुटणारा हुकूम बंद होतो आणि त्या आळसावतात. मग एके दिवशी गोळी थांबली तरी त्या लगेच कामाला लागत नाहीत. रक्तदाब उतरतो, मळमळतं, हातपाय गळून जातात. यातून जिवावरही बेतू शकतं. गोळी सुरू केलीत हे योग्यच, पण अजून उलट्या होत असतील किंवा उठल्यावर अंधारी येत असेल तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, आजच दाखवा. पुढेही कधी उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहायची नाही, अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. मोठा ताप आला तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. तो किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या. आई स्टिरॉइडवर आहेत अशी एक चिठ्ठी त्यांच्या पाकिटात कायम असू द्या.

पण ‘काहीही झालेलं नाही’ हे मी मान्य करणार नाही. हेच वाक्य मी स्वतः माझ्या आत्याबद्दल सुरुवातीला म्हणत होते, आणि मी तर डॉक्टर.

आत्या ६८ वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते. दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी इतक्या आखडायच्या की वेणी घालायला हात वर जात नव्हता. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका हा खांदे-मांड्या आखडवणारा आजार निघाला. १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं आणि चौथ्या दिवशी तिने स्वतः पोहे केले, वर शेव, शेजारी जिलेबी. आम्ही सगळे खूश.

तिसऱ्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. आई रात्री तीनला उठून कपाटं आवरते, भराभर बोलते, सुनेशी दोनदा भांडली. मला वाटलं, दुखणं गेलंय म्हणून अंगात जोर आलाय. घरी जाऊन डबी पाहिली तेव्हा कळलं की पोटात जळजळतं म्हणून बाईंनी आपल्या मनाने गोळीचे दोन भाग केले होते, एक सकाळी आणि एक रात्री जेवल्यावर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं, त्या उतरणीवरच झोप येते. रात्रीच्या अर्ध्या गोळीने ती उतरणच बुजवली होती. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारून सगळा डोस सकाळी न्याहारीनंतर एकदम घ्यायला लावला. आठवड्याभरात झोप सुधारली आणि सुनेशी समेटही झाला. पुढे डोस उतरताना काही आठवडे ती उदास होती, उगाच डोळ्यांत पाणी यायचं. तेही या औषधाचंच दुसरं टोक. डोस जितका मोठा, तितका मनावर परिणाम होण्याचा धोका जास्त. ४० मिलिग्रॅमच्या वर तर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. आईंची चिडचिड ‘वयामुळे’ म्हणून सोडून देत असाल तर ती कधीपासून आहे आणि गोळी कधीपासून, या दोन तारखा शेजारी लिहून बघा.

आता शुगर. तुमचा नव्वदीचा आकडा खरा आहे, पण तो चुकीच्या वेळी घेतलेला आहे. सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो आणि रात्रीतून ओसरतो. सकाळी रिकाम्या पोटी रक्त काढेपर्यंत मैदान साफ झालेलं असतं. आत्याचंही हेच. फास्टिंग ९७, १०२, ९५, आणि मी निश्चिंत. चौथ्या महिन्यात ती सहज म्हणाली, “संध्याकाळी घसा फार कोरडा पडतो गं.” ग्लुकोमीटर घेऊन एका दिवसात चार वेळा पाहिलं. उठल्यावर ९७, दुपारच्या जेवणाआधी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २७१, झोपताना १८९. त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी लॅबमध्ये फास्टिंग करून थांबले असते तर रिपोर्ट पुन्हा ‘नॉर्मल’च आला असता.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीसुद्धा स्टिरॉइड सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मागेच रेंगाळते. म्हणून एकच चाचणी परवडत असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी करा.

उपायही वेळेनुसारच करावा लागतो. आत्याची जिलेबी गेली, दुपारचा भात निम्मा झाला, त्या जागी वरण आणि भाजी वाढली, आणि जेवणानंतर वीस मिनिटं घरातल्या घरात चालणं सुरू झालं. तेवढ्याने आकडा दोनशेच्या आसपास आला, मग सकाळी साखरेची एक गोळी द्यावी लागली. साखर फारच चढली तर काही रुग्णांना सकाळी एनपीएच इन्सुलिन देतात, कारण त्याचा चढउतार प्रेडनिसोलोनच्या चढउताराशी बराच जुळतो. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते : स्टिरॉइडचा डोस उतरला की साखरेचं औषधही उतरवावं लागतं. नाहीतर तोच माणूस घाम फुटून थरथरत उठतो आणि घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे.

हाडांचं मात्र मला जास्त बोचतं, कारण तिथे झालेलं नुकसान परत फिरवता आलं नाही. पाचव्या महिन्यात आत्याने गव्हाचा डबा सरकवला आणि पाठीत कळ आली. तिने दोन दिवस शेक घेतला. एक्स-रेमध्ये बारावा पाठमणका पुढून पाचरीसारखा दबलेला दिसला. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी केली तर टी-स्कोअर उणे १.९, म्हणजे तुमच्या भाषेत बॉर्डरलाइनच. उणे २.५ पर्यंत घसरलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. कागदावर तो नव्हता आणि मणका तर मोडलेला.

याचं कारण असं की स्टिरॉइड हाड नुसतं विरळ करत नाही, हाड बांधणाऱ्या पेशीच मारतं. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. म्हणून घनता ठीकठाक दिसत असतानाही हाड मोडतं, आणि सगळ्यात आधी मणक्यातलं जाळीदार हाड. धोका वाढायला वर्षं लागत नाहीत, पहिल्या तीन महिन्यांतच तो वर जातो. असे कित्येक मणके तर न दुखताच दबतात. म्हणून आईंना आज भिंतीला पाठ लावून, चपला काढून उभं करा आणि डोक्याजवळ पेन्सिलीने खूण करा. पुढे ती दोन सेंटिमीटर खाली आली तर पाठ दुखो न दुखो, मणक्यांचा एक्स-रे मागा.

कॅल्शियम घेतात हे चांगलंच, पण किती? १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणासोबत घ्यायची. दिवसाची गरज सगळं धरून १००० ते १२०० मिलिग्रॅम. मोठ्या पेलाभर दुधात सुमारे ३०० मिळतं, बाकी दही, नाचणी, तीळ. व्हिटॅमिन डी एकदा मोजून घ्या. आत्याचं १४ निघालं, ते आधी भरून काढावं लागलं.

आणि एवढ्याने भागत नाही, हे मला मोठ्या लेखातच लिहायला हवं होतं. २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल तर हाड मोडण्याचा धोका मोजायचा असतो, आणि तो वरचा निघाला तर अ‍ॅलेंड्रोनेटसारखं औषध लागतं. ते घेण्याची रीत कडक आहे : आठवड्यातून एकदा, उठल्याउठल्या, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा तास चहा, न्याहारी, इतर गोळ्या काही नाही. त्या अर्ध्या तासात आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. आत्या पहिल्याच मंगळवारी चहासोबत घेणार होती! सुरू करण्याआधी किडनीची तपासणी आणि दातांचं मोठं काम उरकून घ्यावं.

त्वचेचं थोडक्यात सांगते. हातांवर न लागताच जांभळे डाग, कातडी पातळ. आईंच्या हाताला चिकटपट्टी लावली असेल तर ओढू नका, खोबरेल तेल लावून हळूच सोडवा. पूर्ण बाह्या आणि आंघोळीनंतर ओल्या अंगावर मॉइश्चरायझर, एवढ्याने बरंच सांभाळलं जातं.

आता तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो : आमवातात आठ महिने १० मिलिग्रॅम का? आमवातात स्टिरॉइड हा पूल आहे. मेथोट्रेक्सेटसारख्या मूळ औषधाला जोर धरायला दीड-दोन महिने लागतात, तोवर सांधे सांभाळायचे आणि साधारण तीन महिन्यांत उतरत जायचं. तुम्ही मूळ औषधाचा उल्लेखच केलेला नाही. ते चालू आहे का, डोस पुरेसा आहे का, की दरवेळी जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या येतात? हे संधिवाततज्ज्ञांना विचारा. कुणी ‘सौम्य’ म्हणून डेफ्लाझाकॉर्ट दिलं तर लक्षात ठेवा, तेही स्टिरॉइडच, त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. नाव बदलल्याने डोस कमी होत नाही. उतरवणं सांध्यांकडे बघत, महिन्याला एखाद मिलिग्रॅमने. आत्याला शून्यावर यायला अठरा महिने लागले. ५ च्या खाली दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा एक पायरी मागे जावं लागलं.

एक दिवस चार वेळा शुगर घेऊन आकडे इथेच लिहा. शेजारी गोळी कधी घेतली आणि दुपारी काय जेवल्या, तेही.