मी पाठवलेलं नाही, उघडू नका

रविवारी सकाळी नाशिककराला फोन करू नये असा संकेत आहे. त्या वेळी तो एक तर मिसळ खात असतो, नाहीतर मिसळीच्या रांगेत उभा असतो. हा संकेत मोडून पंचवटीच्या कुसुममावशीने सातलाच फोन केला, म्हणजे प्रकरण गंभीर असणार हे उघड होतं.

"अरे, तू पाठवलेले कागद उघडत नाहीयेत. दोनदा पासवर्ड टाकला."

"कसले कागद, मावशी?"

"ते तू सांगायचं. वर 'Shared document' लिहिलंय. मला वाटलं, वाड्याच्या वाटणीचे आले एकदाचे."

वाड्याची वाटणी हा आमच्या घराण्यातला तीन पिढ्या रखडलेला विषय. त्या आशेवर मावशीने दोनदा पासवर्ड टाकला यात नवल नाही. थांबली कशी याचंच नवल. तिचा फोन ठेवतो तोच सिन्नरच्या मेव्हण्याचा आला, मग सोसायटीच्या अध्यक्षांचा, मग टँकरवाल्याचा. मी गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. त्यामुळे माझ्या संपर्कयादीत नातेवाईक, सभासद, लिफ्टवाला, गच्चीची गळती थांबवणारा आणि न थांबवणारा, असे सगळे आहेत. कोणा चोराने आदल्या रात्री त्या सर्वांना माझ्या नावाने, खाली माझ्या सहीसकट, ई-मेलने एक लिंक पाठवली होती.

गंमत अशी की, फोन इतके येत असताना मेलबॉक्समध्ये मात्र एकही उत्तर नव्हतं. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गणेशला फोन लावला. तो मखमलाबाद रोडला मिसळीसमोर बसला होता.

"साहेब, आधी फिल्टर बघा," तो तर्री ओढता ओढता म्हणाला.

जीमेलच्या सेटिंगमध्ये `Filters and Blocked Addresses` नावाचं एक पान असतं. मी तिथे आजवर कधी फिरकलो नव्हतो; चोर फिरकला होता. मेलमध्ये hack, virus, spam किंवा link यांतला एखादा शब्द असेल, तर तो मेल वाचलेला दाखवून थेट कचऱ्यात टाकायचा, असा नियम त्याने माझ्या नावाने करून ठेवला होता. म्हणजे लोक रात्रभर "अरे, तुझं खातं hack झालंय का?" असं विचारत होते आणि माझंच खातं ते प्रश्न परस्पर गिळत होतं. `Sent` मध्येही काही नव्हतं. पण कचऱ्यातला मेल तीस दिवस तसाच राहतो आणि चोराला तो रिकामा करायचं सुचलं नव्हतं. तिथे सगळं सापडलं. त्यावरून एक गोष्ट पक्की झाली. कोणीतरी बाहेरच्या पत्त्यावर नुसतं माझं नाव चिकटवलं असतं, तर माझ्या कचऱ्यात काहीच मिळालं नसतं. हा गृहस्थ आत शिरून, माझ्याच खुर्चीत बसून लिहीत होता.

आणि नुसता लिहीत नव्हता, उत्तरंही देत होता. सिडकोच्या दिलीपने रात्री साडेअकराला विचारलं होतं, "हे खरंच तू पाठवलंस का रे?" त्याला मिनिटाभरात उत्तर गेलं, "Yes dear, it is safe. Kindly open." दिलीपने लिंक उघडली नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "तू मिनिटात उत्तर दिलंस ना, तिथेच संशय आला."

मी लगेच सगळ्यांना सावध करणारा मेल लिहायला घेतला. गणेश ओरडला, "थांबा! तो अजून आत आहे. तुमचा मेल तुमच्याआधी तोच वाचेल. वर पाठोपाठ लिहील की काळजी नको, आता सगळं ठीक आहे, बिनधास्त उघडा."

म्हणून आधी पासवर्ड बदलला. मग `Your devices` मधून अनोळखी यंत्रं बाहेर काढली. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि दुसरा ई-मेल आपलाच आहे ना, हे पाहिलं. फिल्टर पुसला. मग `Forwarding and POP/IMAP` उघडलं, तर तिथे माझ्या प्रत्येक मेलची एक प्रत एका भलत्या पत्त्यावर जायची सोय केलेली. नुसता पासवर्ड बदलून थांबलो असतो, तर चोराला टपाल घरपोच मिळत राहिलं असतं. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. एवढं होईपर्यंत गणेशचे दोन जादा पाव संपले होते.

आता निरोप. तीन ओळींचा मजकूर, पण आमच्या घरात तो समितीकडे गेला. वडिलांनी सुरुवात सुचवली, "कळविण्यास अत्यंत खेद होतो की". एवढंच वाचून शेजारच्या काकू "कधी गेले?" विचारत आल्या असत्या. बायकोच्या मते आधी क्षमा मागायला हवी. अध्यक्षांनी फोनवरून सूचना केली की, सायबर पोलिसांच्या साइटची लिंक द्या, म्हणजे वजन येईल. लिंक उघडू नका, हे सांगायला लिंक पाठवायची! चोराचा पुढचा मेल नेमका तसाच दिसला असता. सिन्नरच्या मेव्हण्याचं म्हणणं तर याहून पुढचं: "कुठली लिंक उघडायची नाही, ते कळायला ती लिंक तरी पाठव." पाठवली असती, तर 'ही का ती' म्हणत पहिलं बोट त्यानेच लावलं असतं.

तेवढ्यात मावशीचा पुन्हा फोन. तिला मी विचारलं की, पासवर्ड मागणाऱ्या पानाच्या वर पत्ता काय होता. तिने एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यात google होतं, हे खरं. पण `https://` नंतरची जी पहिली तिरपी रेघ येते, तिला लागून डावीकडे कोणाचं नाव आहे, ते पाहायचं असतं. खऱ्या पानावर तिथे `accounts.google.com` एवढंच असतं आणि लगेच रेघ येते. मावशीच्या पत्त्यात google च्या पुढे टिंब देऊन आणखी एक लांबलचक नाव होतं, आणि खरा मालक ते नाव.

"पहिल्यांदा टाकला तर चुकीचा म्हणाला रे. म्हणून मग दुसरा टाकला."

"दुसऱ्यांदा टाकला, की दुसरा टाकला?"

"दुसरा. पेन्शनच्या बँकेचा."

ही त्या खोट्या पानाची खरी हुशारी. पहिला पासवर्ड बरोबर असला, तरी ते चुकीचा म्हणतं. माणूस तोच पुन्हा नीट टाइप करतो, म्हणजे चोराची खात्री पटते. किंवा घाबरून आठवेल तो दुसरा टाकतो, म्हणजे चोराला एकावर एक फुकट. मावशीचे सगळे पासवर्ड मसाल्यांच्या प्रमाणाच्या वहीत, गोड्या मसाल्याच्या पानावर आहेत. त्या पानावरचे दोन्ही बदलायला लावले. बँकेलाही फोन करायला लावला. पैसे गेले असते तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावं लागलं असतं. ते गेले नव्हते. "आता वही खोडायची का?" हा तिचा प्रश्न तेवढा उरला.

मावशीमुळे मजकुरात एक वाक्य सुधारलं. शेवटी तो असा झाला:

"शनिवारी रात्री अकरा ते रविवारी सकाळी आठ या वेळेत माझ्या ई-मेलवरून 'Shared document' या विषयाचा मेल आला असेल, तर तो मी पाठवलेला नाही. त्यातली लिंक उघडू नका, त्याला उत्तर देऊ नका. उघडून पासवर्ड टाकला असेल, तर जे जे पासवर्ड टाकले ते सगळे आत्ता बदला. खात्री करायची असेल, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या माझ्या नंबरवर फोन करा."

खाली मोबाइल नंबर द्यावा असं वडिलांना वाटत होतं. पण मेलमध्ये नंबर काय, चोरही देतो. म्हणून 'आधीपासून असलेल्या'. वडिलांना मजकूर उर्मट वाटला. माझं मत असं की, असा निरोप थोडा उर्मटच हवा. नमस्कार-चमत्कारात अर्धी स्क्रीन गेली, तर 'उघडू नका' दिसण्याआधी माणूस उघडून मोकळा होतो.

सगळे पत्ते `Bcc` मध्ये घातले, म्हणजे कोणाला कोणाचा पत्ता दिसू नये आणि टँकरवाल्याने दिलेलं उत्तर मावशीला जाऊ नये. बटण दाबलं. समोर आलं, `You have reached a limit for sending mail.`

घरगुती जीमेलवरून दिवसाला पाचशे पत्त्यांपर्यंत मेल पाठवता येतो. माझा त्या दिवसाचा कोटा चोराने वापरून टाकला होता! ही बंदी उठायला चोवीस तासही लागू शकतात. म्हणजे घोळ घालायला पाचशे पत्ते त्याला, आणि निस्तरायला मला शून्य. मग तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला, वयस्कर मंडळींना फोन केले आणि मेल दुसऱ्या दिवशी गेला.

प्रतिसाद उदंड आला. निम्म्यांनी विचारलं की, हा सावध करणारा निरोप तरी खरा कशावरून. मला ते आवडलं. त्यांनी फोन करून विचारलं होतं. आमच्या शाळेच्या मराठीच्या सरांनी एक अनुस्वार दुरुस्त करून पाठवला. संध्याकाळपर्यंत निरोप चार ग्रुप फिरून माझ्याकडेच परत आला, तो असा: "नाशिकमध्ये एका खजिनदाराच्या मेलमुळे मोबाइल फुटत आहेत. दहा जणांना पाठवा."

निरोपात मी दिवस आणि वेळ दिली होती, विषय दिला होता. सभासदांनी त्यातलं 'उघडू नका' एवढंच लक्षात ठेवलं. पुढच्या महिन्यात नेहमीप्रमाणे मेंटेनन्सची बिलं मेलने पाठवली. एकाचेही पैसे आले नाहीत. बी विंगच्या कुलकर्ण्यांना जिन्यात गाठलं, तर ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "खजिनदार, तुम्हीच तर सांगितलंत, तुमच्याकडून आलेलं काही उघडायचं नाही म्हणून."