सिंक्रोमेश असूनही दुसऱ्या गिअरला आवाज का येतो: ग्राहकाच्या तक्रारीला आमचं उत्तर

"सिंक्रोमेश म्हणून जादा पैसे मोजून ट्रॅक्टर घेतला. उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की चढाला तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना कर्रर्र आवाज येतो. पहिल्या वेळी क्लच सेट करून दिला, दुसऱ्या वेळी तुमचीच चालवायची पद्धत चुकते म्हणाले, आता म्हणतात पॉवर शटलवाला घ्यायचा होता. शुद्ध फसवणूक. एक स्टार."

नमस्कार दादा. आधी आमची चूक कबूल करतो. तुमच्या मॉडेलला सिंक्रोमेश फक्त तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला आहे. पहिला, दुसरा, रिव्हर्स आणि हाय-लोचा लिव्हर हे सगळं कॉलर शिफ्टच आहे. कंपनीच्या पत्रकात 'पार्शियल' हा शब्द असतो. विक्रीच्या वेळी आमच्या माणसाने त्याचा अर्थ लिव्हर हातात धरून दाखवायला हवा होता, तो दाखवला नाही. आणि शटलचा सल्ला तर साफ चुकीचा होता. त्याबद्दल खाली लिहितो.

कॉलर शिफ्टमध्ये गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. लिव्हर ओढला की दात्यांची कॉलर सरकते आणि गिअरला शाफ्टशी जोडते. कॉलर चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरते, गिअर इंजिनकडच्या शाफ्टच्या वेगाच्या प्रमाणात. दोन्ही वेग जुळले तर कॉलर आवाज न करता आत जाते, नाहीतर दातावर दात आपटतात. सिंक्रोमेशमध्ये मधे एक शंकूच्या आकाराची रिंग असते. ती आधी घासून दोन्ही वेग सारखे करते, मगच कॉलरला पुढे जाऊ देते. म्हणून चौथ्यातून तिसरा तुम्हाला गपगुमान लागतो आणि दुसरा बोंबलतो.

आता तुमचाच चढ घेऊ. आकडे समजण्यापुरते सोपे धरतो. तिसऱ्यात इंजिन १५०० फेऱ्यांवर आहे आणि कॉलर १००० ने फिरतेय. दुसऱ्या गिअरचं प्रमाण दोनास एक धरलं, तर तो गिअर त्या क्षणी फक्त ७५० ने फिरतोय. कॉलर १०००, गिअर ७५०, आवाज येणारच. क्लच दाबून थांबलात तर इंजिनकडचा शाफ्ट आणखी मंदावतो, म्हणजे फरक वाढतो. वरचा गिअर टाकताना थोडं थांबणं उपयोगी पडतं, खालचा टाकताना तेच उलटं अंगावर येतं. 'पद्धत चुकते' म्हणणाऱ्या आमच्या माणसाने एवढं तरी समजावून सांगायला हवं होतं.

यावर उपाय डबल क्लचचा. क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस देऊन इंजिन साधारण २००० पर्यंत न्या, परत क्लच दाबा आणि लगेच दुसरा टाका. ट्रॅक्टर तेवढ्यात मंदावला असेल तर रेस कमी लागते. मात्र इंजिन २००० वर असतानाच हे करायला गेलात, तर जुळवायला जवळजवळ २७०० फेऱ्या लागतील, आणि तिथपर्यंत गव्हर्नर जाऊच देत नाही. म्हणून आधी इंजिनचा वेग उतरू द्यायचा.

तरीही भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना चढावर हा प्रयोग करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. न्यूट्रलच्या त्या दोन सेकंदांत ट्रॅक्टर थांबतो, गिअर लागला नाही की ट्रॉल्या मागे ओढतात. पन्हाळा किंवा गगनबावडा भागातला चढ असेल तर पायथ्याला थांबा, दुसरा टाका आणि त्याच गिअरमध्ये वर जा. उतारालाही ज्या गिअरने चढला असता तोच ठेवा, न्यूट्रल कधीच नाही. हाय-लोचा लिव्हर तर चाकं थांबल्याशिवाय हलवायचाच नाही.

पण सगळा दोष चालवण्याचा आहे, असं मी न बघता म्हणणार नाही. घरी अंगणात एवढं करून बघा. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ट्रॅक्टर उभा. क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही कर्रर्र आलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा मोकळा खेळ जास्त असेल, क्लचची बोटं एका पातळीत नसतील किंवा प्लेट चिकटत असेल. हे अंगावर काढू नका, कारण क्लच ओढत असला की सिंक्रोच्या रिंगला शाफ्टबरोबर चालू इंजिनशीही झगडावं लागतं आणि चांगली रिंग एका हंगामात झिजू शकते. पहिल्या वेळी क्लच सेट केला तो याच कारणाने. तो चुकीचा नव्हता, पण एकटा पुरेसाही नव्हता.

उभ्या ट्रॅक्टरला सगळे गिअर शांत लागतात, पण चालताना तिसरा किंवा चौथा वाजतो, तर मात्र रिंग झिजली आहे. ते आमच्या माथी. आणि ओझ्याखाली गिअर आपोआप सुटत असेल तर कॉलरचे दाते गोल झालेत, फोर्क झिजलाय किंवा गोटीची स्प्रिंग ढिली आहे. हे तिन्ही वेगवेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. तेलाचंही एक सांगतो: पुस्तकात लिहिलेल्याच प्रकारचं घाला. डिफरन्शियलचं जीएल-५ तेल 'जास्त दणकट' म्हणून कोणी सुचवलं तरी घालू नका, त्यातल्या काही रसायनांनी पितळी रिंगचं नुकसान होऊ शकतं.

आता शटल. पॉवर शटलमध्ये पुढे-मागे जाण्यासाठी तेलात बुडालेले दोन क्लच असतात. स्टिअरिंगजवळचा लिव्हर हलवला की तेलाच्या दाबाने एक सुटतो आणि दुसरा पकडतो, पाय लावावा लागत नाही. लोडर लावून खत भरायचं, गोठ्यातलं शेण काढायचं, दिवसात शेकडो वेळा पुढे-मागे करायचं, तिथे त्याला तोड नाही. पण तिसऱ्यातून दुसऱ्यात जाण्याशी त्याचा काही संबंध नाही, तो गिअर तसाच कॉलरचा राहतो. आणखी एक: इंजिन बंद झालं की तेलाचा दाब जातो, मग ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभा ठेवता येत नाही, हँडब्रेक ओढावाच लागतो. स्टिअरिंगजवळ लिव्हर दिसला म्हणून तो पॉवर शटल असेलच असंही नाही. साध्या मेकॅनिकल शटललाही तिथेच लिव्हर असतो, पण तिथे क्लच दाबावा लागतो.

शेतात तुमचं काम रोटाव्हेटर आणि सरी. तिथे लोमध्ये एक गिअर लावला की तास संपेपर्यंत तो बदलत नाही, बांधाला तर तुम्ही थांबताच. अशा कामाला कॉलर शिफ्ट उत्तम. भाग कमी, झिजायला रिंग नाही. अडचण फक्त हंगामात रस्त्यावर येते, आणि तिथे तुमचा तिसरा-चौथा सिंक्रो सपाटीला पुरेसं काम करतोय.

वरची अंगणातली परीक्षा करून या. गिअरबॉक्सचं तेल तुमच्यासमोर काढू आणि चुंबक फिरवू. पितळ चुंबकाला लागत नाही, त्यामुळे तेलात पिवळी चमक दिसली तर रिंग झिजतेय, चुंबकाला लोखंडाचा कणीदार चुरा लागला तर दाते. रिंग असेल तर आमच्या खर्चाने बदलू. कॉलरचे दाते निघाले तर खर्च आधी कागदावर लिहून देऊ, मग तुम्ही ठरवा. आणि त्या दिवशी आमचा मिस्त्री तुमच्या शेजारी बसून भरलेल्या ट्रॉलीने दुसरा गिअर कसा टाकायचा ते सपाटीवर दाखवेल.