82 व्या वर्षी टीएसएच 6.2

"आईचं वय 82, थायरॉइडच्या टेस्टमध्ये टीएसएच 6.2, रिपोर्टवर हाय लिहिलंय, गोळी चालू करायची का?"

लगेच नको. लॅबची 4 च्या आसपासची वरची मर्यादा बहुतेकदा सगळ्या वयाच्या अ‍ॅडल्ट लोकांसाठी एकच छापलेली असते, पण वयानुसार टीएसएच थोडा वर सरकतो आणि ऐंशीनंतर साधारण 7.5 पर्यंत नॉर्मल धरता येतो. फ्री टी-4 हा थायरॉइड हार्मोन बघा, तो नॉर्मल असेल तर 2-3 महिन्यांनी टेस्ट रिपीट करा, कधीकधी आपोआप खाली येतो. उगाच गोळी जास्त झाली तर या वयात हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडंही ठिसूळ होतात. हाच 6.2 गरोदर बाईचा असता तर मात्र थांबायचं नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनमुळे टीएसएच उलट खाली जातो.