28 दिवस आधीचा राजीनामा

31 ऑगस्ट 2023 ला मी नोकरी सोडली. केक कापून झाला, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी घरी येऊन जाहीर केलं, "आता पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे... बघच तू!"

पहिली विकेट ग्रॅच्युइटीची पडली. एचआरमधली मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "सर, पाच वर्षं लागतात." माझी साडेचारच्या थोडी वर होती. पण पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर चालतं, असं काही न्यायालयांनी मान्य केल्याचं मी वाचलं होतं. कॅलेंडर काढलं. 1 फेब्रुवारीपासून भरले 212. पंचवीस हजार बेसिकवर, महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, म्हणजे पाच वर्षांचे बहात्तर हजार गेले, तेही करमुक्त.

"अहो, अजून 28 दिवस साहेबांचं तोंड बघितलं असतं तर?" बायको म्हणाली. तिने साहेबांचं तोंड बघितलेलं नाही.

मग पीएफ. दोन महिने थांबून मी ऐटीत ऑनलाइन अर्ज केला. जमा होते 3 लाख 15 हजार, हातात आले 2 लाख 83 हजार 500. दहा टक्के टीडीएस! पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असली की कापतातच.

सीएंकडे गेलो. ते म्हणाले, "टीडीएस ही नुसती सुरुवात. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात धरायचं. तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात."

"आणि माझं मुद्दल? ते तरी माझंच ना?"

"तुमचंच. पण त्यावर दरवर्षी 80सीची वजावट घेतलीत ना? ती आता परत उत्पन्नात धरायची."

मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "याआधी कुठे होतात?" म्हटलं, चौदा महिने दुसऱ्या कंपनीत, तिथला पीएफ तसाच पडलाय, किरकोळ आहे. सीए माझ्याकडे, दवाखान्यात उशिरा आणलेल्या पेशंटकडे बघतात, तसे बघत राहिले.

"अहो, आधी तो या खात्यात ट्रान्सफर केला असता, तर ती नोकरीही मोजली गेली असती. पाच वर्षं नऊ महिने! एक रुपया कर नाही."

म्हणजे ज्या खात्याला मी किरकोळ म्हणत होतो, त्यातल्या पैशांपेक्षा त्याचं वय महाग होतं. एक ट्रान्सफरचा अर्ज, फार तर चार क्लिक. पण मला आधी पैसे हवे होते.

उरली रजा. 38 दिवसांचे साडेएकतीस हजार. नोकरीत असताना विकली असती तर सगळ्यावर कर. सोडताना मिळाले म्हणून, खासगी नोकरीतली 25 लाखांची मर्यादा आणि दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची अट, दोन्हींत बसून पूर्ण माफ. मी विजयी मुद्रेने घरी सांगितलं.

"म्हणजे महाबळेश्वरला नेलं नाहीत, तीच रजा का ही?"

"हो. पण करमुक्त आहे."