दारात किती द्यायचे, काकू?

आमच्या शेजारच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी बीडकडचं एक जोडपं राहायला आलं. तो इमारतींच्या कामावर जातो, ती घरी असते, पदरात दोन लहान मुलं. गावाकडचं उज्ज्वलाचं गॅस कनेक्शन त्यांनी इथल्या एजन्सीत वळवून घेतलं. एजन्सीने पुस्तकासोबत एक छापील कागद दिला, अर्धा इंग्रजी, अर्धा हिंदी. ती तो घेऊन माझ्याकडे आली. "काकू, एवढं मराठीत लिहून द्या."

भाषांतर हे माझं रोजचं काम. दहा मिनिटांत लिहून दिलं : "अनुदानाची रक्कम ग्राहकाच्या आधार संलग्न बँक खात्यात थेट हस्तांतरित करण्यात येईल." व्याकरणात एक चूक काढता येणार नाही. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे दारात किती द्यायचे?"

माझ्या वाक्यात याचं उत्तरच नव्हतं. गावात तिला कोणीतरी सांगितलं होतं, उज्ज्वलाची टाकी तीनशे रुपयांनी स्वस्त मिळते. ती ५५० रुपये वेगळे काढून बसली होती. पावती तेव्हा ८५२ रुपये ५० पैशांची होती. पूर्ण रक्कम आधी द्यायची आणि ३०० रुपये नंतर खात्यात पडतात, हे कागदावरच्या 'थेट हस्तांतरण' या शब्दांतून कुणाला कळावं? महिनाअखेरीस घरात ५५० असणं आणि ८५२ असणं यात फार फरक आहे.

दुसरा अडथळा 'ग्राहक' या शब्दाचा. पैसे भरतो नवरा, म्हणून तो दर आठवड्याला आपलं पासबुक भरून आणायचा. एक रुपया पडलेला नाही. पण उज्ज्वलाचं कनेक्शन बाईच्याच नावावर असतं, तेव्हा सबसिडीही तिच्याच खात्यात जाणार. बरं, तिची खाती दोन. एक गावातल्या बँकेत जनधनचं, दुसरं लाडकी बहीणचे पैसे घ्यायला उघडलेलं पोस्टाचं. सबसिडी जाते ती आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं त्या खात्यात. गॅसच्या पुस्तकाला कुठलं पासबुक लावलं होतं याने फरक पडत नाही. आधारच्या वेबसाइटवर पाहिलं तर पोस्टाचं खातं निघालं. आधीच्या टाकीचे ३०० रुपये तिथे कधीचे येऊन पडले होते.

तिसरी गोष्ट कोडची, आणि याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. कागदावर होतं, "डिलिव्हरीच्या वेळी डीएसी सांगणे अनिवार्य." नंबर लावला आणि पावती निघाली की नोंदवलेल्या मोबाईलवर हा डीएसी म्हणजे डिलिव्हरीचा कोड येतो. तो सांगितल्याशिवाय टाकी पोचल्याची नोंद होत नाही. पण गेली कित्येक वर्षं आपण सगळ्यांना बजावतोय, की ओटीपी कुणालाही सांगू नका. तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं. गॅसवाल्याने कोड मागितला, तिने नाही म्हटलं, तो टाकी घेऊन तीन जिने उतरला. ती चुकली असं मी अजिबात म्हणणार नाही. बँकेचा कोड आणि गॅसचा कोड यातला फरक कागदाने सांगायला हवा होता. उलटही होतं : कुणी फोनवर कोड मागून घेतो, नोंद 'पोचली' अशी होते आणि टाकीचा पत्ता नसतो.

मग मी पहिला कागद फाडला आणि तिच्याशेजारी बसून नवीन लिहिला. ती विचारेल त्या क्रमाने :

"नंबर लावल्यावर मोबाईलवर कोड येईल. टाकी दारात आली, सील पाहिलं, मगच कोड सांगायचा. फोनवर कुणी मागितला तर नाही सांगायचा. पावतीवर जेवढे छापलेत तेवढे सगळे द्यायचे. टाकी घरापर्यंत आणून देण्याचे पैसे त्यातच आले, मजल्याचे वेगळे नाहीत. सबसिडीचे ३०० रुपये नंतर तुझ्या पोस्टाच्या खात्यात पडतील. २०२५-२६ या वर्षात ९ टाक्यांपर्यंत. दहावीला नाही."

'अनुदान' हा शब्द तिने काढायला लावला. "सबसिडीच लिहा, बँकेत तेच म्हणतात." बरोबर होतं तिचं. सरकारी कागदाचं मराठी करणाऱ्या माझ्यासारख्यांनी शुद्ध शब्दाच्या हट्टापायी माणसाला खिडकीवर अडकवू नये, असं मला मनापासून वाटतं. मराठी नोटीस म्हणून जे छापून येतं ते बहुतेकदा मी पहिल्यांदा लिहिलं तसंच असतं. वाचायला मराठी, पण वापरायला परकं.

एक गोष्ट मात्र कागदाने सुटणारी नव्हती. नोंदवलेला मोबाईल नवऱ्याचा, आणि तो दिवसभर कामावर. कोड त्याच्या खिशात, टाकी हिच्या दारात. दुसऱ्या दिवशी ती गॅसचं पुस्तक आणि आधार घेऊन एजन्सीत गेली आणि स्वतःचा मोबाईल नंबर नोंदवून आली. परवा टाकी आली तेव्हा मी दारातच होते. तिने सील पाहिलं, पैसे मोजून दिले, मग मोबाईल काढून कोड एकेक आकडा वाचून दाखवला.