पैठणी, पन्हं आणि पाण्यात धुतल्याचा आरोप: एका रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

⭐ एक तारा
"आईची पैठणी १४ मेला ड्रायक्लीनला दिली. आठ दिवस सांगून तेवीस दिवस लावले, २५ मेचा साखरपुडा दुसऱ्या साडीवर केला. परत आली ती नसलेले तपकिरी डाग घेऊन, काठाचा राणी रंग हिरव्यात उतरलेला, वर रॉकेलचा वास. ड्रायक्लीनचे ४५० रुपये घेऊन पाण्यात धुतात, चोर आहेत. विचारलं तर उलट उत्तरं. कोणीही जाऊ नका."

दुकानाच्या मालकाचं उत्तर:

ताई, नमस्कार.

साडी आईंची होती आणि ती ज्या दिवशी हवी होती त्या दिवशी मिळाली नाही. याबद्दल मनापासून माफी मागतो. २२ तारखेला तुम्ही आलात तेव्हा मी "उद्या" म्हणालो आणि २४ तारखेला परत "उद्या" म्हणालो. त्या आठवड्यात बॉयलरची ट्यूब गेली होती आणि कारागीर येत नव्हता. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर साडी तशीच परत नेऊन तुम्ही दुसरीकडे दिली असती. मी सांगितलं नाही, ते चुकलंच.

पण "पाण्यात धुतात" हे वाचल्यापासून मला झोप नाही. एकोणीस वर्षं काउंटरवर बसतोय. उशिरा दिली म्हणा, रंग उतरला म्हणा, ऐकून घेईन. ड्रायक्लीनचे पैसे घेऊन बादलीत बुचकळतो, हे ऐकून घेणार नाही.

ताई, तुम्हीच लिहिलंय की साडीला रॉकेलचा वास येत होता. आम्ही एमटीओत धुतो. ते रॉकेलच्याच नात्यातलं पेट्रोलियमचं तेल आहे, नाशिकमधल्या बऱ्याच लहान दुकानांत तेच वापरतात. साडी त्यात फिरते, मग पिळून निघते, मग वाऱ्यावर टांगतात. पूर्ण वाळली नाही की वास राहतो. तुमची घाईत बांधली म्हणून वास राहिला, तो दोष माझाच. पण पाण्यात धुतलेल्या साडीला हा वास कुठून येईल?

दुसरी गोष्ट, साडीचा फॉल बघा. तुमच्या साडीला सुती फॉल आहे. सुती कापड पाण्यात आटतं, रेशीम तेवढं आटत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या साडीचा खालचा काठ चुणीचुणीने आक्रसतो. (फॉल लावणाऱ्या बाईंनी तो आधी भिजवून घेतला असेल तर इतकं कळत नाही, हेही सांगतो.) तुमच्या साडीचा काठ सरळ आहे. आणि रंग उतरलाय तो पदराच्या अलीकडे, एका जागी, हाताच्या पंजाएवढा. अख्खी साडी पाण्यात पडली असती तर काठाच्या पूर्ण लांबीला राणी रंग हिरव्यात गेला असता. साडी अंथरून कोणत्याही जाणत्या माणसाला दाखवा.

आता तपकिरी डागांचं. "नसलेले डाग" म्हणता, आणि तुम्हाला ते दिसले नसणार, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मलाही दिसले नाहीत. ६ जूनला तुम्ही रागात असताना बोलता बोलता म्हणालात की साडी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नेसली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीकुंकू म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हं. पन्ह्याचे थेंब अंगावर पडले की आपण रुमालाने टिपतो, वाळल्यावर काही दिसत नाही, साडी घडी होऊन कपाटात जाते. पण त्यातली साखर, गूळ, कैरीचा अंश रेशमातच बसलेला असतो. साखर पाण्यात विरघळते, आमच्या तेलात नाही. म्हणजे ड्रायक्लीनमधून तेलाचे डाग जातात, कॉलरचा मळ जातो, आणि पन्हं जसंच्या तसं राहतं. मग वरून वाफेची इस्त्री फिरते. कढईत साखर तापली की काय होतं ते कोणत्याही गृहिणीला मी सांगायला नको. पाच रुपयांच्या नाण्याएवढे तीन ठिपके इस्त्रीखाली वर आले. उसाचा रस, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, सगळ्यांचं हेच होतं.

म्हणून चांगल्या दुकानात साडी घेताना विचारतात, कधी नेसली होती, काय सांडलं होतं का. आमच्या काउंटरवर त्या दिवशी हे विचारलं गेलं नाही. लग्नसराई होती, रांग बाहेरपर्यंत होती. विचारलं असतं तर तेवढी जागा धुण्याआधी ओल्या फडक्याने वेगळी काढून घेतली असती.

ठिपके दिसल्यावर आमच्या मुलाने ते काढायचा प्रयत्न केला. स्पॉटिंगच्या टेबलावर साडी पसरून, खाली टिपकागद, वरून वाफेची गन आणि थोडं व्हिनेगर. इथे मात्र पाणी लागलं, ते मी लपवत नाही. साखरेच्या डागाला दुसरा इलाज नाही. रंग पक्का आहे का ते त्याने आधी तपासलं, पण हिरव्या अंगावर तपासलं. हिरवा पक्का होता. दोन इंचांवरचा राणी काठ कच्चा निघाला आणि वाफेबरोबर सरकला. ठिपके निम्मे गेले आणि गुलाबी छटा आली. त्याचं वय एकवीस आहे, दोन दिवस जेवला नाही. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. बरं, थोडं त्यासाठीही लिहितोय.

"उलट उत्तरं" बद्दल. तुम्ही आलात तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते, अर्धं शटर खाली होतं, काउंटरवर माझी बायको एकटी होती. तुम्ही मोबाईल काढून तिचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केलीत आणि शेजारच्या मेडिकलवाल्यासमोर "चोर" म्हणालात. मी आतून आलो आणि आवाज चढवला. चढवायला नको होता. पण तो व्हिडिओ तुम्ही कुठे टाकला असेल तर तिचा चेहरा तेवढा झाका, एवढी विनंती आहे. दुकान माझं आहे, शिव्या मला घाला.

आता भरपाई. माझा भाचा वकिली करतो. त्याने सांगितलंय की पुढची दोन वाक्यं जशीच्या तशी टाकायची, म्हणून टाकतो. "खाली देऊ केलेली रक्कम व दुरुस्ती ही केवळ सद्भावनेपोटी व ग्राहकाशी संबंध टिकावेत म्हणून आहे. त्यातून दुकानाने कोणतीही कायदेशीर जबाबदारी अथवा निष्काळजीपणा मान्य केला आहे असा अर्थ घेऊ नये." मी वर एवढं सगळं मोकळेपणाने लिहिलं आणि मग हे वाक्य, हे विचित्र दिसतं, मला कळतं. तो म्हणाला, वरचं अर्धं काढून टाक. मी काढलं नाही.

तर, धुलाईचे ४५० रुपये परत. पावतीच्या मागे छापलंय की नुकसान झाल्यास धुलाईच्या दहापटीपर्यंतच भरपाई मिळेल. ती बारीक अक्षरातली ओळ कोणी वाचत नाही, आणि ती ग्राहक आयोगापुढे टिकेलच असंही नाही, हेही भाच्यानेच सांगितलं. त्या हिशेबाने ४,५०० होतात. ते मी देतोच. आणि साडी येवल्याला नेऊन दाखवायचा, काठालगतचा तो पट्टा पुन्हा रंगात आणता येईल का ते विचारायचा आणि होत असेल तर करून घ्यायचा खर्च माझा, ४,५०० च्या वेगळा. येवल्यात ज्यांच्याकडे जुन्या पैठण्या दुरुस्तीला येतात अशा एका विणकरांशी बोललोय. त्यांनी फोनवर शब्द दिलेला नाही, साडी बघून सांगतो म्हणाले. गुलाबी छटा बरीचशी झाकता येते, पण हिरवा अगदी पहिल्यासारखा होईल असं मी लिहून देणार नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याकडे साडी देऊ नका.

तुम्ही साडीची किंमत २८,००० सांगताय. आईंच्या साडीची किंमत मी काय ठरवणार? पण एक सांगतो. देताना पावतीवर किंमत लिहिली नव्हती, आणि लिहिली असती तर मी ती साडी रांगेतल्या बाकीच्यांबरोबर टॅग लावून टाकली नसती, स्वतः बघितली असती. किंमत लिहायची जागा पावतीवर आहे. आम्ही ती भरायला सांगत नाही, ही आमची सवय वाईट आहे.

पैसे घेताना एका कागदावर सही लागेल. त्यात फक्त रक्कम मिळाल्याची नोंद आहे, ग्राहक आयोगात जाणार नाही वगैरे काही लिहून घेणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर दोन वर्षांच्या आत जाऊ शकता, एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही. रिव्ह्यू काढा असंही म्हणत नाही. "पाण्यात धुतात" एवढा शब्द, फॉल बघितल्यावर तुम्हाला पटलं तर बदला.

आमच्याकडे पुढे काय बदलणार, तर साडी घेताना विचारपूस नीट करू, काठावरही रंग तपासू, आणि लग्नसराईत तारीख जरा जपून देऊ. बाकीही काही गोष्टी सुधारतोय.

या रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी स्वतः दुकानात आहे. सोमवारी बंद. साडी आणताना प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, जुन्या सुती पंचात गुंडाळून आणा, आणि तोवर त्या पट्ट्यावर घरी इस्त्री फिरवू नका. उरलेली साखर अजून आत आहे.