अलमट्टीच्या आलेखाचा अर्थ: एका प्रतिक्रियेला उत्तर

"सर, त्या ताईंनी सरळ विचारलं होतं की या आलेखाचा अर्थ काय. लाल रेषा आधी चढते आणि मागोमाग निळी चढते, हे शाळकरी पोरालाही दिसतं. तरी तुम्ही अक्ष आणि एककं सांगत बसलात. ज्यांचं घर पुरात गेलं त्यांना अलमट्टीमुळेच पूर आला हे सांगायला का कचरता?"

आपला राग मला समजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली, म्हणजे 43 फुटांच्या धोका पातळीपेक्षा बारा फुटांहून जास्त. ज्यांच्या घरात ते पाणी शिरले त्यांनी कारण विचारणे हा त्यांचा हक्क आहे. परंतु ताईंनी पूर कशामुळे आला हे विचारले नव्हते, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले एक चित्र पाठवून त्याचा अर्थ विचारला होता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि माझे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे होते.

चित्रावर ठळक अक्षरांत "अलमट्टीने बुडवले कोल्हापूर" असे शीर्षक आहे. लाल रेषा कृष्णेवर खालच्या अंगाला, कर्नाटकात असलेल्या अलमट्टी जलाशयाच्या पातळीची, तिचा अक्ष डावीकडे, 515 ते 520 मीटर. निळी रेषा राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीची, तिचा अक्ष उजवीकडे, 30 ते 58 फूट. खाली तारखा आहेत, आणि माहिती कुठून घेतली हे सांगणारी ओळ जिथे असायला हवी तिथे चित्र कापलेले आहे. असे चित्र हाती आले की मी प्रथम शीर्षक बोटाने झाकतो, कारण ते वाचल्यावर डोळा रेषांमध्ये फक्त त्याचा पुरावा शोधू लागतो.

अक्ष सांगत बसलो असे आपण म्हणता, तर त्या अक्षांनी या चित्रात काय केले आहे ते पाहावे. डावीकडे कागदाच्या पूर्ण उंचीत पाच मीटर मावले आहेत. उजवीकडे त्याच उंचीत 28 फूट, म्हणजे सुमारे साडेआठ मीटर मावले आहेत. त्यामुळे अलमट्टी एक मीटरने वाढली तर लाल रेषा कागदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी उडी घेते, आणि पंचगंगा तेवढीच वाढली तर निळी रेषा आठव्या हिश्श्याहूनही कमी चढते. लाल रेषेचा जो खडा चढ नजरेत भरतो, त्यातला बराच भाग आखणाऱ्याने निवडलेल्या आकड्यांचा आहे. डावा अक्ष 500 पासून सुरू केला असता तर त्याच रेषेचा चढ आताच्या पाव हिश्श्याइतकाच दिसला असता. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर कोणीतरी लाल वर्तुळ काढले आहे, पण एकीकडे समुद्रसपाटीपासूनचे मीटर आणि दुसरीकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे फूट असताना त्या छेदबिंदूला काहीच अर्थ नाही. अक्ष थोडा सरकवला की तो दुसऱ्या तारखेवर जातो.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो, की लाल आधी आणि निळी नंतर चढते. ते खरे आहे आणि माझ्या उत्तरात पहिले वाक्य तेच होते. मात्र त्या रेषांवर दिवसाला एकच ठिपका आहे आणि ठिपके गोलसर वळणांनी जोडलेले आहेत. चोवीस तासांच्या आत कोण आधी वाढले हे अशा चित्रातून ठरवता येत नाही. शिवाय जलाशयाची पातळी वाढते तेव्हा येणारे पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त आहे, एवढेच कळते. त्या दिवशी दरवाजे किती उघडे होते, विसर्ग किती होता, हे या चित्रात नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे चित्रात पाऊस नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर एकाच वेळी कोसळणारा पाऊस कृष्णेलाही फुगवतो आणि पंचगंगेलाही. मग अलमट्टी व राजाराम बंधारा या दोन्ही ठिकाणी पाणी चढलेले दिसेल, त्यांचा परस्परांशी संबंध असो वा नसो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून पंचगंगेत पाणी वाढते, तेही येथे नाही. आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते तिथे कोयनेच्या विसर्गाने कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी तिथेच तुंबते. हा फुगवटा खराच असतो, परंतु तो अलमट्टीचा आहे की कृष्णेच्या स्वतःच्या पुराचा, हे या दोन रेषा सांगू शकत नाहीत.

म्हणून ताईंना मी लिहिले की दोन्ही पातळ्या त्याच दिवसांत वाढल्या, अलमट्टीची वाढ आधी सुरू झालेली दिसते, आणि हे चित्र अलमट्टीच्या फुगवट्याशी जितके जुळते तितकेच एका पावसाने दोन्ही नद्या भरल्या या म्हणण्याशीही जुळते. यात कचरण्यासारखे काय आहे? उलट, ताईंनी मनात धरलेले उत्तर मी चित्राच्या तोंडी घातले असते तर ते त्यांच्या विश्वासाचा गैरफायदा घेणे ठरले असते.

हीच शिस्त मी दुसऱ्या बाजूलाही लावतो. दुसऱ्या एका वाचकाने लिहिले होते की अलमट्टीची पूर्ण पातळी 519.60 मीटर आणि राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी सुमारे 543 मीटर, तेव्हा खालचे पाणी वर येईलच कसे, विषय संपला. त्यांनाही मी हो म्हटले नाही. वाहत्या पुरात पाण्याचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो. खाली अडथळा असेल तर वरच्या भागात पाण्याचा उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि पातळी चढते; हा परिणाम वरच्या दिशेने कमी कमी होत जातो. दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर तो किती उरतो, हे दोन आकड्यांच्या वजाबाकीतून कळत नाही. पुराचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने 2020 मध्ये अलमट्टीला 2019 च्या पुराचे कारण मानले नाही, आणि जिल्ह्यात अनेकांना तो निष्कर्ष मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या वादात मी कोणत्या बाजूला आहे यावरून त्या चित्रातल्या रेषा बदलत नाहीत.

फुगवटा तपासायचा असेल तर वेगळा आलेख लागेल. नृसिंहवाडीच्या खाली कृष्णेवर असलेला राजापूर बंधारा, नृसिंहवाडी आणि राजाराम बंधारा या तिन्ही ठिकाणच्या तासातासाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये आणून एकाच अक्षावर मांडाव्या लागतील, आणि सोबत प्रत्येक ठिकाणचा विसर्ग. मग पाहायचे ते हे, की एरवी ज्या विसर्गाला राजापूरला ठरावीक पातळी असते, त्याच विसर्गाला अलमट्टी भरलेली असताना पातळी वर राहते का. राहत असेल तर खालून अडवणूक आहे. ती राजापूरला सर्वांत जास्त, नृसिंहवाडीला कमी आणि कोल्हापूरला आणखी कमी दिसायला हवी. राजापूरला काहीच फरक नसून फक्त राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढलेले असेल, तर कारण वरच्या अंगाला शोधावे लागेल. आपल्याकडे किंवा आपल्या ओळखीत कोणाकडे त्या दिवसांच्या अशा नोंदी असतील तर कृपया पाठवाव्यात. त्यांचा आलेख काढून, त्यातून जे दिसेल ते मी याच जागी मांडेन.